पोस्टमध्ये सहा महिने वॉरंटी, हातात बिल नाही

"सर, माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. इन्स्टावर पोस्ट टाकलेली, '100% ओरिजिनल डिस्प्ले, 6 महिने वॉरंटी'. एकाच्या आयफोन 12 ला 6,500 घेऊन डिस्प्ले टाकला, बिल दिलं नव्हतं. चौथ्या महिन्यात रेघा आल्या म्हणून आला. मी म्हटलं रेघांना वॉरंटी नसते, सगळ्या मार्केटचा नियम आहे. आता त्याच्या वकिलाची नोटीस आलीय, पार्ट बोगस आहे म्हणून. पोस्ट मी लगेच डिलीट केली. पुढच्या पोस्ट कशा लिहू म्हणजे परत असं होणार नाही?"

पोस्ट डिलीट करायची अक्कल कुणी दिली तुम्हाला? स्क्रीनशॉट त्याच्याकडे असणारच, नाहीतर वकिलाने नोटीस कशाच्या जोरावर काढली असती. आता तो वर लिहिणार की नोटीस मिळताच यांनी पुरावा काढून टाकला. असे प्रश्न घेऊन रिपेअरवाले सारखे येतात आणि दहातले नऊ आधी पोस्ट उडवतात, मग वकिलाकडे येतात.

असो. तुमचं प्रकरण एकाच गोष्टीवर ठरणार आहे. रेघांना वॉरंटी नाही ही अट तुम्ही पैसे घ्यायच्या आधी त्याला लेखी सांगितली होती का? नव्हती. मग ती अट नव्हतीच असं धरून चला. मार्केटचा नियम दुकानदारांचा आपसातला आहे, गिऱ्हाईकाने तो कुठे मान्य केलाय? बिल दिलं असतं आणि त्यावर दोन ओळी छापलेल्या असत्या तर निदान वाद घालायला जागा होती. बिल नाही म्हणजे वॉरंटीबद्दल लिहिलेला एकमेव कागद कुठला, तर तुमची पोस्ट, आणि पोस्टमध्ये सहा महिने लिहिलेत, कशाला आहे कशाला नाही काही नाही. म्हणजे सगळ्याला आहे.

तुम्हाला कुणीतरी सांगेल की ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये बिलावर मुदत नसेल तर 30 दिवस धरतात, चौथा महिना लागलाय, तुम्ही सुटलात. तसं कलम आहे खरं, अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येत, खराब माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देण्याबद्दल. पण त्याच व्याख्येत बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथा म्हणून लिहिलीय, तेव्हा बिल दिलं नाही म्हणून मला 30 दिवसांची सवलत द्या हे ग्राहक आयोगासमोर कुठल्या तोंडाने म्हणणार? आणि याच कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेटवरची जाहिरात येते, इन्स्टाची पोस्ट त्यातून सुटत नाही.

आता पार्ट बोगस आहे का. इथे मी इतकं ठामपणे बोलणार नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये जनरल, मग अबाऊट उघडलं की Parts and Service History खाली डिस्प्लेसमोर Unknown Part येतं, त्यावर त्याचा सगळा भर असेल. पण कंपनीचाच डिस्प्ले दुसऱ्या फोनमधून काढून बसवला तरी तो मेसेज येऊ शकतो, म्हणजे नुसत्या मेसेजवरून कॉपी सिद्ध होत नाही. त्यापेक्षा तुम्हाला धोका तुमच्याच फाईलमधून आहे. सप्लायरचं बिल काढून बघा. त्यावर "एलसीडी 12" असं काही असेल तर विषय संपला, कारण या मॉडेलचा कंपनीचा डिस्प्ले ओएलईडी असतो. बिल मोघम असेल तर फोन अंधाऱ्या खोलीत नेऊन पूर्ण काळा फोटो उघडा. एलसीडी असेल तर मागच्या लाईटमुळे काळा भाग राखाडी चमकतो, ओएलईडीत तो विझल्यासारखा काळाच राहतो. मात्र ओएलईडीतही कॉपी येते, त्यामुळे काळा दिसला म्हणून कंपनीचा असं समजू नका. सप्लायर "ओरिजिनल क्वालिटी" म्हणाला होता हे तुमचं आणि त्याचं भांडण, गिऱ्हाईकाला "ओरिजिनल" तुम्ही सांगितलंय.

म्हणून माझं मत विचाराल तर डिस्प्ले काढून घ्या, 6,500 परत करा किंवा तो तयार असेल तर कुठल्या प्रकारचा ते लिहून दुसरा बसवून द्या, आणि तक्रार मिटल्याचं त्याच्याकडून सहीनिशी घ्या. नोटीसचा खर्च मागेल, थोडं घासाघीस करून बघा. मनस्तापाची भरपाई आयोग किती देईल ते सांगता येत नाही, पण लढायला जाल तर वकिलाची फीच डिस्प्लेच्या वर जाईल, आणि तारखांचं तर विचारूच नका. एवढं करून त्याने आयोगात तक्रार केलीच आणि आयोगाची नोटीस आली तर मात्र ड्रॉवरमध्ये टाकू नका. लेखी उत्तराला 30 दिवस, फार तर आयोगाने दिले तर अजून 15. 45 च्या पुढे एक दिवसही मिळत नाही, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी मार्च 2020 मध्ये हे पक्कं केलंय. आयोग स्वतः वर्षं लावतो ते वेगळं.

आता पुढच्या पोस्ट. "ओरिजिनल" आणि "ओरिजिनल क्वालिटी" दोन्ही काढून टाका, पार्ट कुठून आलाय ते लिहा. साधारण असं:

"आयफोन 12 साठी डिस्प्ले तीन प्रकारचे आहेत. दुसऱ्या फोनमधून काढलेला कंपनीचा, कॉपी ओएलईडी आणि कॉपी एलसीडी. एलसीडीत रंग फिके दिसतात आणि काळा रंग राखाडी दिसतो, म्हणून तो स्वस्त आहे. कुठलाही टाकला तरी फोनमध्ये पार्टबद्दल मेसेज येऊ शकतो. एकदा फोन उघडला की पाणी आत न जाण्याची खात्री आम्ही देत नाही. टच बंद पडला, आपोआप रेघा आल्या किंवा डिस्प्ले काळा झाला तर 6 महिन्यांत बदलून देऊ, तो पार्ट मिळाला नाही तर पैसे परत. काच फुटली, पाणी गेलं किंवा मधे दुसरीकडे फोन उघडला तर वॉरंटी नाही."

प्रत्येक प्रकाराचा रेट तुमचा तुम्ही घाला. रेघांना वॉरंटी द्यायची नसेल तर नका देऊ, एलसीडीला एक महिनाच द्या वाटल्यास, पण ते पोस्टमध्येच लिहा, तुटलेला फोन परत आल्यावर काउंटरवर तोंडी सांगू नका. "आयफोन 12 साठी" लिहायला हरकत नाही, कुठल्या फोनला बसतो एवढं सांगायला कंपनीचं नाव वापरता येतं. लोगो मोठा टाकून अधिकृत सेंटर असल्यासारखी पोस्ट केली तर मात्र ट्रेडमार्कचं प्रकरण मागे लागेल, आणि कॉपी पार्टवर कंपनीचा लोगो छापलेला असेल तर तो विकणं हा गुन्हा आहे, तिथे पैसे परत देऊन सुटका नाही.

आणि नुसत्या पोस्टवर राहू नका. गिऱ्हाईक पोस्ट न वाचताच येतं, मग मी वाचलंच नाही म्हणतं. फोन उघडायच्या आधी जॉबकार्डवर डिस्प्लेच्या तीनपैकी एका प्रकाराला टिक, वॉरंटीचे महिने आणि वरच्या शेवटच्या दोन ओळी, खाली त्याची सही. देताना चालू स्क्रीनचा आणि चारही कडांचा फोटो काढून त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे चौथ्या महिन्यात कोपऱ्यातून तडा घेऊन आला तर दाखवायला काहीतरी असेल. बिल वेगळं द्यायचंच, 200 रुपयांची चार्जिंग पिन बदलली तरी.