सोनेतारण: वर्षाअखेर एकरकमी की दरमहा व्याज? कागदावरचे आकडे

प्रश्न: 2 लाखांचं सोनेतारण काढतोय, एका वर्षासाठी. बँकेत म्हणतात बुलेट घ्या, म्हणजे मुद्दल-व्याज सगळं वर्षाअखेर एकदम भरायचं, महिन्याची कटकट नाही. घरचे म्हणतात दरमहा व्याज भर, नाहीतर व्याजावर व्याज चढतं. खरा फरक किती पडतो? कुणाकडे कागद असतील तर आकडे सांगा.

उत्तर:

माझ्याकडे दोन कागद आहेत. एक माझा, सरकारी बँकेचा. दुसरा वहिनीचा, एका फायनान्स कंपनीचा. दोन्ही 2 लाखांचे आणि 12 महिन्यांचे. नावं सांगत नाही, पण आकडे कागदावरचेच आहेत.

आधी बँकेचा. दर 9 टक्के, म्हणजे शेकडा पाऊण रुपया. मंजुरीपत्रासोबत जे की फॅक्ट स्टेटमेंट देतात (ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं), त्यात परतफेडीचा तक्ता असतो. बुलेटच्या तक्त्यात एकच ओळ: बाराव्या महिन्यात 2,18,761 रुपये. हेच कर्ज दरमहा व्याजाचं घेतलं असतं तर वर्षाचं व्याज झालं असतं 18,000. व्याज रोजच्या हिशेबाने लागतं म्हणून 31 दिवसांच्या महिन्याला 1,529, तीस दिवसांच्या महिन्याला 1,479 आणि फेब्रुवारीत 1,381 असे हप्ते पडतात. बेरीज मात्र अठरा हजारच.

म्हणजे घरचे ज्या व्याजावरच्या व्याजाची भीती घालतायत ते वर्षाला 761 रुपये आहे. तेही पूर्ण नाही. बुलेटमध्ये महिन्याचे पंधराशे तुमच्याच हातात राहतात. ते 6 टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकत गेलात तर वर्षाअखेर साधारण 500 रुपये व्याज मिळतं. निव्वळ फरक अडीचशेच्या आसपास उरतो. अर्थात ठेवीत टाकलेत तर. बचत खात्यात पडून खर्च झाले तर वर्षाअखेर व्याजाच्या पूर्ण पावणेएकोणीस हजारांची जुळवाजुळव एकदम करावी लागते. बुलेटचा खरा त्रास तो आहे.

तुमच्या तक्त्यातली शेवटची रक्कम बघितली की व्याज कसं मोजलंय ते लगेच कळतं, काउंटरवर वाद घालायची गरज नाही. 2 लाख, 9 टक्के, एक वर्ष: व्याज बरोबर 18,000 आलं तर सरळव्याज, 18,617 आलं तर तिमाही चक्रवाढ, 18,761 आलं तर मासिक. मासिक चक्रवाढीच्या कागदावर बहुधा ‘मंथली रेस्ट’ असं लिहिलेलं असतं. काही ठिकाणी बुलेटला सरळव्याजच लावतात. तसं असेल तर दरमहा भरण्यात तुमचं काहीच वाचत नाही, बुलेटच स्वस्त. दर वेगळा असेल तर त्या दराने मांडून बघा, रीत तीच.

आता वहिनीचा कागद, आणि पैसे खरे जातात ते इथे. तिला काउंटरवर सांगितलं गेलं ‘शेकडा एक रुपया’, म्हणजे 12 टक्के. कागदावर कराराचा दर 20 टक्के आहे. त्याखाली सवलतीचा छोटा तक्ता: व्याज 30 दिवसांच्या आत भरलं तर 12 टक्के, 31 ते 60 दिवसांत 15, 61 ते 90 मध्ये 18, त्यापुढे 20. तक्त्याखाली एक बारीक ओळ आहे, ती मी तिला दोनदा मोठ्याने वाचून दाखवली: उशीर झाल्यास वाढीव दर मागील भरण्याच्या तारखेपासून लागू. मागील भरण्याच्या, बरं का! एक्क्याण्णवाव्या दिवशी दर वाढतो आणि तो मागच्या नव्वद दिवसांनाही लागतो.

वहिनीने कर्ज काढल्यावर 120 दिवस काही भरलं नव्हतं. भातलावणी, मग मुलाची फी. पावती आली 13,151 रुपयांची. तेवढ्याच दिवसांचं 12 टक्क्यांनी व्याज 7,890 होतं. फरक 5,261, चार महिन्यांत. कंपनीने फसवलं असं म्हणता येणार नाही, सगळं छापलेलं आहे आणि तिची सही आहे. पण सांगताना सवलतीचा दर सांगायचा आणि करारात मूळ दर लिहायचा, हे मला पटत नाही. अशा योजनेत वर्षभर गप्प बसून शेवटी एकदम भरलं, तर सरळव्याजानेही 40,000 होतात. दरमहा वेळेवर भरणाऱ्याला 24,000.

त्यामुळे ‘बुलेट की मासिक’ याचं उत्तर कागदात सवलतीचा तक्ता आहे की नाही यावर ठरतं. तक्ता नसेल, एकच दर असेल, तर फरक शेकड्यांत. तक्ता असेल तर फरक हजारांत, आणि मग दरमहा भरल्याशिवाय गत्यंतर नाही. तेही 30 दिवस मोजून. ‘दर महिन्याच्या पाच तारखेला’ असं डोक्यात ठेवलं की 31 दिवसांच्या महिन्यात एक दिवस चुकतो आणि तुम्ही 15 टक्क्यांच्या रकान्यात जाता.

अजून एक गोष्ट, जी कर्ज घेतानाच अंगावर येते. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नियमांप्रमाणे, 1 एप्रिल 2026 पासून, घरखर्चासाठीच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या मूल्याच्या 85 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. पण बुलेटमध्ये ही मर्यादा मुद्दल अधिक वर्षाचं व्याज या बेरजेला लागते. समजा खडे आणि घट वजा जाता सोन्याचं मूल्य अडीच लाख ठरलं. मर्यादा 2,12,500. दरमहा व्याजाच्या कर्जात पूर्ण एवढी रक्कम मिळू शकते, 9 टक्क्यांच्या बुलेटमध्ये साधारण 1,94,000. काठावरचं सोनं असेल तर एक अंगठी जास्त ठेवावी लागेल.

आणि वर्ष संपल्यावर ‘नवं-जुनं करून घेऊ’ असं शाखेत कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, बुलेटचं नूतनीकरण साठलेलं व्याज भरल्यावरच करायचं असा नियम आहे. ते व्याज मुद्दलात टाकून नवा कागद करण्याची जुनी पद्धत धरून चालू नका.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. बँकेत दर दोन्ही प्रकारांना सारखाच होता आणि सोनं भरपूर होतं, म्हणून बुलेट घेतलं. पण शाखेत विचारून घेतलं की मध्ये पैसे भरले तर ते त्याच तारखेला कर्जखात्यात जमा होतात का. होतात, आणि आधी व्याजात वळते होतात. मग जमेल त्या महिन्यात पंधराशे भरत गेलो. भरलेल्या महिन्याच्या व्याजावर पुढे व्याज चढत नाही आणि एखादा महिना चुकला तर खातं थकीतही दिसत नाही. तुमच्या शाखेत हे चालतं का आणि मुदतीआधी कर्ज मिटवलं तर काही शुल्क आहे का, एवढं सही करण्याआधी विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये शुल्कांच्या रकान्यात सापडेल. तोंडी उत्तरावर जाऊ नका.