साडेनऊचा कॉल आणि ‘अजून काय?’

‘ताई, लग्नाला दोन वर्षं झाली. नवरा जूनपासून अमेरिकेत, पूर्वेकडच्या भागात, मी इथे भारतात. रोज रात्री माझ्या साडेनऊला व्हिडिओ कॉल असं ठरलेलं. आधी मस्त चाललं होतं, पण नोव्हेंबरपासून तो सारखा घाईत, मध्येच म्यूट, नजर दुसऱ्याच स्क्रीनवर. मग जेवलास का, नाही अजून, तू, हो, अजून काय, काही नाही. परवा तर मी चक्क कॉल संपायची वाट बघत होते आणि माझं मलाच कसंतरी झालं. चुकवला तर अपराधी वाटतं, केला तर कंटाळा. प्रेम आटत चाललंय का आमचं?’

अगं, प्रेमाचं नंतर बघू, आधी घड्याळ बघ. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, आपल्याकडे काहीच हलत नाही, म्हणजे तुमच्यातला साडेनऊ तासांचा फरक त्या दिवशी साडेदहा तासांचा झाला. तुझे रात्रीचे साडेनऊ आधी त्याच्या दुपारी बाराला यायचे, जेवणाच्या सुट्टीत. आता ते सकाळी अकराला येतात, म्हणजे ऐन कामात. घड्याळ बदललं हे तुम्हाला दोघांनाही माहीत असणार, पण कॉल मात्र तुझ्या साडेनऊलाच चिकटून राहिला आणि त्यालाही ‘मला अकरा जमत नाही’ म्हणायचं जड गेलं असेल, कारण ते ऐकायला ‘मला तू जमत नाहीस’ असं वाटतं. हा माझा अंदाज हं, त्याची बाजू मी ऐकलेली नाही. त्याला सरळ विचार, अकरा वाजता तू कुठे बसलेला असतोस, आजूबाजूला कोण असतं? आणि वेळ बदलूनही तो असाच तुटक राहिला तर मग मला परत लिही, तेव्हा वेगळं बोलू.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे. तुझ्या साडेनऊला तुझा अख्खा दिवस झालेला असतो, पोटात ढीगभर सांगायचं असतं. त्याचा दिवस तेव्हा जेमतेम सुरू झालेला. तू विचारतेस काय झालं आज, आणि आज त्याच्याकडे अजून काही झालेलंच नसतं! कालचं शिळं झालं, आजचं घडायचंय, मग ‘काही नाही’ याशिवाय तो सांगणार तरी काय. तुला वाटतं तो मन मोकळं करत नाही, त्याला वाटतं ही रोज परीक्षा घेते. रोज एकाच वेळेला कॉल ठेवला की रोज तोच एक जण भरलेला आणि तोच एक जण रिकामा असतो, हे खूप जोडप्यांच्या लक्षातच येत नाही.

म्हणून रोजचा कॉल बंद कर. हो, बंदच कर, घाबरू नकोस. आठवड्यात दोनच ठेवा पण दोन्ही वेगळ्या टोकांना. तुझ्या शनिवारी सकाळी आठला त्याच्याकडे शुक्रवारी रात्रीचे साडेनऊ असतात, त्याचा आठवडा संपलेला, तुला सुट्टी, तू ताजी. या कॉलला तो बोलणार आणि तू ऐकणार. तुझ्या रविवारी रात्री आठला त्याच्याकडे रविवारचीच सकाळ, साडेनऊ, तो निवांत, तेव्हा तू तुझं सगळं ओत. लिहून ठेवताना दोन्हीकडचा वार लिहा, नुसतं ‘शनिवारी बोलू’ म्हटलंत की एक जण चोवीस तास उशिरा येऊन बसतो आणि मग त्यावरून भांडण, तेही नाहक. तुझ्या शनिवारी काम असेल तर रविवार सकाळ घे, तेव्हा त्याची शनिवारची रात्र असते, एवढाच फरक.

मधल्या दिवसांत व्हॉइस नोट. दीड-दोन मिनिटांची, झोपायच्या आधी, म्हणजे दुसऱ्याला आपल्या सोयीने ऐकता येते. पण त्यात दिवसाचा अहवाल देऊ नकोस, एकच गोष्ट सांग, अगदी फालतू चालेल, लिफ्टमध्ये कोण काय बोललं, कुठला शब्द दिवसभर डोक्यात अडकून बसला. आणि प्रत्येक नोटला उत्तर आलंच पाहिजे असा नियम अजिबात नको, नाहीतर तीही हजेरीच होते. आम्ही दोघं दीड वर्ष लांब होतो तेव्हा मी असाच हिशोब ठेवायचे, माझ्या पाच नोटा, त्याच्या दोन. काही मिळालं नाही त्यातून, नुसता राग साठला.

बिलं, बँक, आईबाबांची औषधं, तिकिटं, हे सगळं मात्र लिहून. फोनवर दोघांना दिसेल अशी एक यादी करा आणि ते विषय कॉलमधून हद्दपार करा, कारण एकदा विम्याचा विषय निघाला की त्या कॉलमध्ये परत गप्पांवर येणं फार अवघड असतं. तातडीचं असेल तर त्यासाठी वेगळा पाच मिनिटांचा फोन, त्यात लाडबीड काही नाही, काम झालं की ठेवायचा.

कॉलला शेवट आधीच ठरवा, पाऊण तास म्हटलं तर पाऊण तास. तो ‘अजून काय’ येतो ना, तो गप्पा संपल्यावर आणि फोन कोणी ठेवायचा हे न ठरल्यामुळे येतो. विषय शिल्लक असताना ठेवलात तर पुढच्या वेळी सुरुवात आयती मिळते. व्हिडिओचाही हट्ट नको, आवाज थोडा उशिरा पोचतो, मग दोघं एकदम बोलता, दोघं एकदम थांबता, बोल तू, नाही तू बोल. शिवाय निम्मा वेळ आपण स्वतःचेच केस बघत असतो. तो चौकोन लपवता येतो, लपवून टाक. एखाद्या रविवारी नुसता आवाज चालू ठेवून तू कपड्यांच्या घड्या घाल, त्याला त्याचं आवरू दे, दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही तरी चालेल. एका घरात असताना तरी कुठे सतत बोलत होतात?

एखादा कॉल नाही जमला तर आधी एक ओळ टाकायची, ‘आज नाही, झोप आलीये, उद्या नोट पाठवते’, बास. कारण खरं द्यायचं आणि भरपाईचा कॉल लावायचा नाही.

हे सगळं तू एकटीने ठरवून त्याला कळवू नकोस. आज कॉल करण्याऐवजी त्याला नोट पाठव की अकराचा कॉल तुला त्रासाचा होतोय असं मला वाटतंय, मलाही तेव्हा झोप आलेली असते, शुक्रवार रात्र तुझी आणि शनिवार सकाळ माझी असं करून बघायचं का महिनाभर? परवा तू कॉल संपायची वाट बघत होतीस हेही सांगितलंस तरी चालेल, बहुतेक तोही बघत होता.

आणि मार्चचा दुसरा रविवार कॅलेंडरमध्ये आत्ताच टाकून ठेव. त्या दिवशी तिकडची घड्याळं पुन्हा एक तास पुढे जातात, मग तुझ्या आठला त्याच्याकडे रात्रीचे साडेदहा होतील आणि तो आठवडाभर दमून जांभया देत बसेल. तेव्हा तू सातला उठायचं की त्याने जागायचं, ते त्याच्या आधीच्या कॉलला ठरवा.