आधी कॉइलची अदलाबदल करून बघा
चढावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी झटके खाते आणि स्कॅनरवर P0302 येतो, म्हणजे दुसरा सिलिंडर मिसफायर होतोय. लगेच नवी कॉइल आणू नका. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन थंड असताना दुसरी आणि तिसरी कॉइल आपसात बदला, कोड पुसा आणि त्याच चढावर गाडी न्या. आता P0303 आला तर कॉइलच गेलीय. P0302 तसाच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. गॅप वाढलेला प्लग भाराखालीच दगा देतो. तरीही कोड हलला नाही, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासा. P0300 असेल, म्हणजे अनेक सिलिंडर चुकत असतील, तर मी आधी फ्युएल प्रेशर मोजतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र ही चाचणी रस्त्यावर करू नका, न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.