व्हर्नियर कॅलिपरच्या फोटोवरून ०.०२ मिमीपर्यंत माप वाचता येतं का? झूम केलं की दोन-तीन रेघा जुळलेल्या दिसतात, त्यातली कोणती धरायची?

मधली धरा. तिच्या डावीकडची व्हर्नियरची रेघ मेन स्केलच्या रेघेपासून किंचित उजवीकडे सरकलेली हवी आणि उजवीकडची तितकीच डावीकडे. पण रेघ बरोबर धरूनही माप चुकतं, आणि त्यावरून माझं भांडण झालेलं आहे.

हिंगणा एमआयडीसीत माझं लेथचं काम आहे. बुटीबोरीच्या एका गिऱ्हाइकाला पिना करून दिल्या, ड्रॉइंगवर व्यास जास्तीत जास्त २४.७०. त्यांच्या इन्स्पेक्शनच्या साहेबांनी व्हॉट्सॲपवर फोटो टाकला : "भाऊ, २४.७६ भरते, माल उचला." फोटोत शून्य २४ च्या पुढे, आणि व्हर्नियरवर ७ नंतरची तिसरी रेघ जुळलेली. वाचन बरोबरच होतं. पिना मात्र २४.६८ च्या होत्या.

फोटो काढला होता अगदी जवळून, समजा १५ सेंटीमीटरवरून, नेम शून्यावर. जुळलेली रेघ तिथून ३७ मिमी उजवीकडे, म्हणजे कॅमेरा तिच्याकडे तिरपा बघतोय. व्हर्नियरची धार मेन स्केलपेक्षा जराशी उंच असते. ती उंची ०.३ मिमी धरली तर ३७ भागिले १५०, गुणिले ०.३, म्हणजे ०.०७ मिमीच्या वर. ०.०२ च्या कॅलिपरवर एवढ्यात जवळजवळ चार रेघांचा फरक पडतो. कॅमेरा रेघेच्या डावीकडे असला की माप वाढून दिसतं, उजवीकडे असला की घटून.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बुटीबोरी गाठली. पिन त्यांच्याच कॅलिपरमध्ये धरून स्क्रू आवळला. डोळा सरळ वर ठेवला तर ३४ वी रेघ जुळते, मान डावीकडे नेली की जुळणारी रेघ पुढे पुढे पळते. साहेब म्हणतात, "तुमचा हात हलला." स्क्रू आवळलेला असताना हात काय हलणार? मग मायक्रोमीटर लावला, २४.६८. माल घेतला, पण "फोटोत तर स्पष्ट दिसत होतं" हे पालुपद काही सुटलं नाही.

तुम्ही दोन फोटो मागा. एक शून्यावर नेम धरून, त्यावरून पूर्ण मिलिमीटर वाचा. दुसरा जुळणाऱ्या रेघेच्या बरोबर वरून, मोबाइल लांब धरून आणि झूम करून. जबडे मिटवून काढलेला एक फोटोही असू द्या, झिरो एरर कळतो. आणि मोबाइलवर बघून कुणाचा माल परत करायचा असेल, तर आधी मायक्रोमीटर विकत घ्यावा.

हो, काही कॅलिपरमध्ये दोन्ही स्केल एकाच पातळीत असतात, तिथे ही तिरप्या नजरेची चूक येत नाही. आणि लीस्ट काउंट ०.०२ असला तरी जबडे जास्त दाबले की तेवढा फरक हातानेच पडतो, तो कोणत्याच फोटोत दिसत नाही.