बाजारातल्या मारहाणीचा व्हिडिओ: पोर्टलने सहाच सेकंद का घेतले?

प्रश्न: «आमच्या गावच्या आठवडे बाजारात एका माणसाला चोर समजून खांबाला बांधून मारलं. मी ३८ सेकंदांचा व्हिडिओ काढून एका पेपरच्या पोर्टलला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी ओरिजिनल फाइल मागितली, दोन तास घेतले आणि शेवटी आवाज काढून, चेहरा धूसर करून सहाच सेकंद दाखवले. बाजार काय कोणाची खाजगी जागा आहे का? मग परवानगी कसली?»

भाऊ, जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या दोन तासांत तिकडे काय चाललं असेल, याचा अंदाज देतो.

आधी फाइलचं. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला व्हिडिओ लहान होऊन येतो आणि त्यातली चित्रीकरणाची मूळ नोंद निघून जाते. नाव `VID-20250602-WA0007.mp4` अशा धाटणीचं होतं, पण त्यातली तारीख पाठवल्याची किंवा मिळाल्याची असते. चार वर्षांपूर्वीची क्लिप आज फिरली तरी नावात आजचीच तारीख दिसेल. तोच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर फाइल जशीच्या तशी पोचते. मग डेस्कवरचा पोरगा exiftool नावाच्या प्रोग्रॅमने फाइलच्या आतली नोंद वाचतो, एवढंच:

```
exiftool -CreateDate -Duration VID_20250602_164210.mp4
Create Date : 2025:06:02 11:12:48
Duration    : 0:00:38
```

(तारीख-वेळ मी उदाहरणासाठी घेतली आहे.) इथे नवखे गडबडतात. नावात पावणेपाच वाजत आलेत आणि आत सकाळचे सव्वाअकरा दिसतात, म्हणजे बनावट, असा निकाल देऊन मोकळे होतात. आतली वेळ सहसा ग्रिनिचची असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की ४ वाजून ४२ मिनिटं ४८ सेकंद होतात. नावातली वेळ चित्रीकरण सुरू झाल्याची, आतली बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ते संपल्याची. फरक ३८ सेकंदांचा, क्लिपही तेवढीच. जुळलं.

पण नाव बदलता येतं आणि फोनचं घड्याळही चुकीचं असू शकतं, म्हणून चित्राकडेही बघावं लागतं. जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे दुपारी साडेबाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली जाते. पावणेपाचला ती माणसाच्या उंचीच्या दीडपट किंवा थोडी जास्त होऊन पूर्वेकडे पडते. पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस उपग्रहाच्या नकाशावर शोधून दिशा ठरवली की सावली खरं बोलते की नाही ते कळतं. मागून कोणी ‘कोन गावना शे रे तू?’ असं ओरडत असेल तर अहिराणी मुलूख नक्की. पण ती मालेगाव-सटाण्याकडेही बोलतात, त्यामुळे तेवढ्यावर गाव ठरत नाही. मग दोन फोन जातात: एक पोलीस ठाण्याला, दुसरा त्या गावातल्या अशा कोणाला, ज्याचा तुमच्याशी संबंध नाही. दोन तासांतला बराच वेळ यातच गेला असणार.

हे सगळं एवढ्या धास्तीने का, ते खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्याच दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यातून पोरगं उचलतात आणि पसार होतात. तो मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. शेवटी तेच दोघे पोराला परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. तो शेवट कापून बाकीचा तुकडा पुढे ढकलला गेला. चित्रात एकही गोष्ट खोटी मिसळली नव्हती, फक्त शेवट गायब होता.

तुमच्या क्लिपचं उलट आहे, तिला सुरुवात नाही. पहिल्या सेकंदाला माणूस आधीच खांबाला बांधलेला आहे. त्यामुळे तिच्यातून मारहाण सिद्ध होते. चोरी झाली की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाही. ‘चोर, चोर’ हा गर्दीचा आवाज ठेवला तर पोर्टलने तो आरोप स्वतःच्या तोंडाने केल्यासारखं होतं. शिवाय मारताना नाव-गाव विचारतात आणि तो सांगतो. चेहरा झाकला आणि नाव ऐकू आलं, तर झाकून उपयोग काय? आवाज बहुधा त्यासाठीच गेला.

आता परवानगी. भर बाजारात फोन काढायला सहसा कोणी मनाई करू शकत नाही, हे तुमचं बरोबर. पण काढणं वेगळं, छापणं वेगळं. तुम्ही ‘वापरा’ म्हणालात, ती क्लिपच्या मालकाची परवानगी झाली. खांबाला बांधलेल्या माणसाच्या वतीने ती तुम्हाला देता येत नाही, आणि त्या अवस्थेत तो स्वतःही देऊ शकत नाही. पट्टीचा बातमीदार नंतर ग्रामीण रुग्णालयात जातो, माणूस भानावर आल्यावर त्याच्या बोलीत, गरज पडली तर पावरी-भिलोरी येणारा सोबत घेऊन, सरळ विचारतो: हा व्हिडिओ मोबाइलवर सगळ्यांना दिसेल, तुमच्या गावीही दिसेल, चेहरा दाखवू का? नाही म्हणाला तर विषय संपला. कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असं मी मानत नाही.

मग त्याच्या होकाराशिवाय सहा सेकंद तरी का दाखवले? कारण जमावाने माणसाला बांधून मारलं, ही लोकांना कळायलाच हवी अशी गोष्ट आहे. त्यासाठी खांब, दोर, गर्दी पुरते. त्याचा चेहरा बातमीत काहीच भर घालत नाही. गणवेशातला पोलीस शेजारी नुसता उभा असता, तर मी आणखी सेकंद घेतले असते आणि पोलीस उघडा दाखवला असता. मारणाऱ्यांचे चेहरे मात्र मी झाकले असते: त्याच चौकटीत नुसते बघेही असतात आणि पुढे पोलिसांनी ओळख परेड घेतली तर साक्षीदारांनी ते चेहरे आधीच पाहिलेले असतात. यावर डेस्कवर भांडणं होतात, दुसरा संपादक वेगळं ठरवेल. मूल किंवा लैंगिक अत्याचार असेल तर मात्र ठरवायला जागाच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, पोक्सोचं २३ आणि बालन्याय कायद्याचं ७४ ओळख उघड करू देत नाहीत.

धूसर करण्याचं काम बरीच पोर्टलं वाईट करतात, हेही सांगतो. व्हिडिओत चेहरा झाकतात आणि थंबनेलला तोच उघडा टाकतात. माणूस मान झटकतो, धूसर गोळा मागे राहतो, तेवढ्यात कोणीतरी स्क्रीनशॉट काढतो. गावच्या लोकांना शर्ट, गोंदण, गाडीचा नंबरही पुरतो. तुमची क्लिप अजून तिथे असेल तर एकदा थांबवत थांबवत बघा, आणि काही सुटलं असेल तर त्यांना कळवा.

आणि मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. ट्रिम करायची तर वेगळी प्रत करून. पोलिसांना धूसर केलेली नव्हे, मूळच लागेल. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश, म्हणजे फाइलवरूनच काढलेला तिचा ठशासारखा आकडा, लिहावी लागते, आणि एक सेकंद कापला तरी ती बदलते. प्रत देताना तपास अधिकाऱ्याकडून पोच घ्या. पोर्टलला मात्र तुमचं नाव छापू नका म्हणून सांगून ठेवा, मारणारे तुमच्याच बाजारात दर आठवड्याला येणार आहेत.