दर तासाला एक फेरी मारून मशीन किती वेळ बंद असतात ते काढलं तर चालेल का? किती नोंदी लागतील?

नाही चालणार. अशाच फेऱ्यांच्या आकड्यावर आमच्या ऑपरेटरांचा ओव्हरटाइम बंद झाला होता, आणि त्या फेऱ्या मीच मारल्या होत्या.

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी ट्रेनी होतो. बारा लेथ. प्रॉडक्शन मॅनेजरांनी मला नऊ, दहा, अकरा असं ठोक्याला फिरायला लावलं. दोन आठवड्यांनी आकडा आला: मशीन ४१ टक्के वेळ बंद. लगेच ठरलं, पोरं कामचुकार आहेत.

मग एक जुने ऑपरेटर काका म्हणाले, "तू आलास की इन्स्पेक्टर आलाच म्हणून समज." खरंच होतं. तो दर तासाच्या ठोक्याला जॉब मोजायला यायचा आणि तेवढी पाच मिनिटं मशीन थांबायचं. मी नेमका त्याच पाच मिनिटांत पोचायचो, आणि कागदावर ती पाच मिनिटं तासाभराची व्हायची.

मी पुन्हा मोजलं. शिफ्टच्या जेवण सोडून ४५० मिनिटांच्या चिठ्ठ्या केल्या, रोज सकाळी आठ काढल्या. एका फेरीला बारा मिनिटं लागायची, म्हणून पंधरा मिनिटांच्या आत दोन वेळा आल्या तर एक टाकून दुसरी चिठ्ठी काढायची. सुरुवात कोणत्या मशीनपासून, तेही चिठ्ठीवर. प्रत्येक लेथसमोर जमिनीवर खडूची खूण केली. खुणेवर पाय पडला त्या क्षणी जे दिसलं तेच लिहायचं. ऑपरेटर परत येताना दिसला म्हणून 'चालू' लिहिलं की सगळं वाया.

दहा दिवसांत ९६० नोंदी झाल्या. बंद २७८, म्हणजे २९ टक्के. त्यातल्या ११५ वेळा लेथ क्रेनची वाट बघत उभं होतं. ऑपरेटर जागेवर नाही, असं फक्त ४८ वेळा दिसलं, म्हणजे पाच टक्के. मॅनेजर म्हणाले, "ही लॉटरी आहे." संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी १९३० च्या दशकात इंग्लंडच्या कापड गिरण्यांत हीच पद्धत वापरली होती, हे सांगूनही ऐकलं नाही. ओव्हरटाइम बंदच राहिला. माणसाला दोष देण्याआधी त्यांनी क्रेनकडे बघायला हवं होतं, हे माझं मत आजही तेच आहे.

तुमच्या नोंदींचं: n = 4p(1−p)/e². n म्हणजे लागणाऱ्या नोंदी, p म्हणजे बंदचा अंदाज, e म्हणजे चालणारी चूक; p आणि e दशांशात घ्या, ३० टक्के म्हणजे ०.३. बंदचा अंदाज ३० टक्के आणि चूक ३ टक्क्यांपर्यंत चालणार असेल, तर साधारण ९३३. अंदाज नसेल तर आधी शंभरेक नोंदी घेऊन p काढा.

एक राहिलं. एकाच फेरीतल्या बारा नोंदी पूर्ण स्वतंत्र नसतात; वीज गेली की बाराही एकदम बंद दिसतात. म्हणून हा हिशेब थोडा आशावादी आहे. मशीन वाढवण्यापेक्षा दिवस आणि फेऱ्या वाढवा. आणि तुमच्याकडे तासाच्या तालावर काहीच घडत नसेल, तर ठराविक अंतराच्या फेऱ्याही चालून जातील, फक्त पहिली वेळ रोज चिठ्ठीने काढा. पण तसा ताल नाही हे आधी ऑपरेटरांना विचारून घ्या.