रात्री पावणेअकराची किंकाळी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पालखी गावात फिरते आहे, पाहुण्यांनी घर भरलंय, आणि चार वर्षांचा तुझा लेक रोज रात्री किंचाळून उठतोय. सासूबाई म्हणतात शिमग्यातल्या संकासुराच्या सोंगाला भ्याला, तू म्हणतेस हट्टीपणा. तुझ्या पत्रात मला मात्र दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय कुठलाच उपाय लागू पडणार नाही.

पहिली, पावणेअकराची किंकाळी. नऊला झोपलेला मुलगा ताडकन उठून बसतो. डोळे उघडे, अंग घामाने भिजलेलं, छाती धडधडतेय. तू जवळ घेतलंस तर तुलाच ढकलतो आणि "आई, आई" म्हणून ओरडतो. दहा मिनिटांनी आपोआप आडवा होतो, सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हे स्वप्न नव्हे. झोप लागल्यावर पहिल्या एक ते तीन तासांत मेंदू गाढ झोपेतून वर येताना अर्धवट अडकतो. शरीर घाबरलेलं असतं, मूल मात्र झोपलेलंच असतं. डॉक्टर याला नाईट टेरर म्हणतात. तो तुला ढकलतो तेव्हा त्याने तुला ओळखलेलंच नसतं, म्हणून ते मनाला लावून घेऊ नकोस.

दुसरी, पहाटे चारची. तेव्हा तो पूर्ण जागा होतो, तुला बिलगतो, "काळा आला, घुंगरं वाजली" असं सांगतो आणि परत झोपायला घाबरतो. हे खरं दुःस्वप्न. ही बहुधा उत्तररात्रीच पडतात आणि लक्षातही राहतात.

पावणेअकराला त्याला हलवू नकोस, तोंडावर पाणी मारू नकोस, घट्ट धरू नकोस. जागं करायला गेलं की तो जास्त बिथरतो. दिवा मंद ठेव, शेजारी बस, हळू आवाजात बोल. पलंगाऐवजी खाली गादी घाल आणि पडवीच्या दाराला वरची कडी लाव, कारण अशी मुलं कधी कधी उठून चालू लागतात. सकाळी "रात्री काय केलंस माहितेय?" असं सगळ्यांसमोर विचारू नका. जे त्याला आठवतच नाही, त्याचीच त्याला भीती वाटू लागेल. सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर संध्याकाळी काढू दे. त्यांचाही जीव तुटतोय. फक्त त्या क्षणी नको, आणि मिरच्यांचा धूर झोपायच्या खोलीत नको.

मूळ कारण बहुतेक अपुरी झोप. शिमग्यात जागरण, दुपारची झोप बुडालेली. ताप, भरलेलं मूत्राशय, आवाज यांनीही हे उफाळतं. आठवडाभर वहीत लिही: कधी झोपला, कधी किंचाळला. दुपारची झोप परत सुरू कर, रात्री अर्धा तास आधी झोपव, झोपण्यापूर्वी लघवीला ने. तरीही रोज ठरावीक वेळीच होत राहिलं, तर त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी त्याला हलकेच उठव. कूस बदलली, काही पुटपुटला की पुरे, लगेच झोपू दे. दोन ते चार आठवडे हे नेमाने करावं लागतं. वेळ रोज बदलत असेल तर या उपायाचा उपयोग नाही.

पहाटेचं उत्तर वेगळं. तिथे "काही नाही, झोप गुपचूप" म्हणालीस तर तो एकटा पडतो. कोयती घेऊन कोपरे शोधलेस तर कोणीतरी आहे हे त्याला पटतं. "तुला खूप भीती वाटली ना? स्वप्न होतं ते. मी इथेच आहे," एवढं म्हण आणि जवळ घे. बाकीचं दिवसा. ओटीवर बसून त्याला चित्र काढू दे: काळे कपडे, उंच टोपी, पांढरी दाढी. मग विचार, "आता पुढे काय व्हायला हवं?" माझ्याकडे आलेल्या एका मुलाने संकासुराला काजूच्या झाडावर चढवलं आणि खाली उतरताच येईना असं केलं. शेवट मुलाचाच हवा, आपण सुचवायचा नाही. तीच गोष्ट काही दिवस उजेडी बोलायची. त्याची तयारी असेल तर सोंग घेणारा काका टोपी-दाढी उतरवताना लांबून दाखव. आणि घरात सगळ्यांना बजाव: "जेव नाहीतर संकासूर येईल" हे आजपासून बंद.

एक मात्र बघ. अंग ताठ होणं, हातपाय एकसारखे झटके देणं, तोंडातून लाळ, जीभ चावणं, एका रात्रीत अनेकदा होणं, किंवा घोरताना श्वास अडकणं, यातलं काही दिसलं तर मोबाईलवर चित्रण कर आणि बालरोगतज्ज्ञांना दाखव. फिट आणि नाईट टेरर यांतला फरक नुसत्या वर्णनावरून ठरवणं कठीण जातं, चित्रणाची फार मदत होते.

आठवड्याने वहीच्या पानाचा फोटो पाठव. वेळा बघून मग उठवायचं की नाही ते ठरवू.

तुझे,
डॉक्टरकाका